प्रस्थानपूर्व विक्रेते

ज्या गृहस्थाने सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर पाण्याच्या टँकरखेरीज अन्य विषयावर आजवर चकार शब्द काढलेला नाही, तोच जेव्हा रात्री अकराच्या सुमारास नऊ छायाचित्रांसह प्रदीर्घ जाहीरनामा प्रसृत करतो, तेव्हा त्याच्या पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा उमटला आहे, हे सुज्ञांनी मजकूर वाचण्यापूर्वीच ओळखावे. ‘परदेशी जात असल्याने विकणे आहे’ हे त्याचे पहिले वाक्य. सामानात यत्किंचितही खोट नसून केवळ दैवयोगाने हा वियोग घडत आहे, असे त्यास सुचवायचे असते. परंतु लगेच ‘18 तारखेपूर्वी न्यावे’ अशी मुदत घालून तो आपले सारे पत्ते स्वहस्ते उघडे करतो. ग्राहकास मग घासाघीस करण्याचेही कारण उरत नाही. त्याने नुसते थांबावे.

आमच्या इमारतीतील अशा एका सद्गृहस्थांनी 34 हजारांच्या तीनदारी कपाटाची किंमत ‘20 हजार, फिक्स’ अशी लिहिली होती, आणि ‘नेण्याची व्यवस्था ग्राहकाने करावी’ असे कलमही खाली जोडले होते. नऊही छायाचित्रांत कपाटाच्या उजव्या कोपऱ्यापुढे तुळशीची कुंडी यावी, हा योगायोग मला तरी संशयास्पद वाटला. पहिल्याच दिवशी लष्करातील अधिकारी म्हणवणाऱ्या एका अज्ञात इसमाने, कपाट न पाहता, पूर्ण किंमत कबूल केली व ‘रक्कम मिळण्यासाठी’ स्कॅन करावयाचा क्यूआर कोड धाडला. “बाबा, पैसे घ्यायला पिन कशाला लागेल?” असे चिरंजीवांनी विचारले नसते, तर कपाटाबरोबर विमानाचे भाडेही गेले असते.

पुढे नाना नावाचे एक ग्राहक टेप घेऊन आले. त्यांनी कुंडी सरकवली आणि खालच्या पट्टीवर अंगठा दाबला.

“फुगलंय. लादी पुसताना पाणी प्यालंय. आणि हे लाकूड नव्हे हो, दाबलेला भुसा. एकदा खोललं, की त्याच भोकात स्क्रू पुन्हा धड धरत नाही.”

“मग खोलू नका.”

“लिफ्टमध्ये मावत नाही.”

मग नानांनी सुताराची मजुरी, दोन हमाल आणि छोटा हत्ती यांचा हिशेब विक्रेत्याच्याच जाहिरातीच्या छापून काढलेल्या एकमेव प्रतीच्या पाठीमागे मांडून दाखवला: कपाट फुकट मिळाले तरी घरी लागेपर्यंत पाच हजारांना पडत होते.

दहा तारखेस ‘फिक्स’ हा शब्द गळाला. चौदा तारखेस किंमतच गळाली. सोळा तारखेस तीन हजारांत व्यवहार ठरला तेव्हा सुताराची मजुरी विक्रेत्याने द्यावयाची होती, आणि हमालांपैकी एक न आल्यामुळे कपाटाचे दुसरे टोक धरून तेच जिना उतरत होते. फाटकावर रखवालदाराने सेक्रेटरींची चिठ्ठी मागितली. ती आणावयास ते घाम पुसत वळले, तोच नाना म्हणाले,

“येताना पडद्यांचे रॉडही आणा. तिकडे कशाला नेताय?”