चाळिशीचा धावपटू

शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती सकाळी सहाला हे गृहस्थ चटकन ओळखू येतात. बूट कोरे, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, आणि धावण्याआधीच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला सेल्फी. वय चव्वेचाळीस. याआधीचं शेवटचं धावणं लोकलमागे झालं होतं, आणि तीही सुटली.

डॉक्टर म्हणाले होते, "चालायला लागा." यांना ऐकू आलं, "मॅरेथॉनचा फॉर्म भरा."

पहिल्या आठवड्यात अर्ध्या फेरीतच जीभ बाहेर. पण तिसऱ्या आठवड्यात दम लागेनासा होतो आणि गृहस्थांचा स्वतःवर विश्वास बसतो. घात होतो तो इथेच. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात. टाचेमागचा अकिलीसचा स्नायुबंध आणि नडगीचं हाड मात्र महिने घेतात. दम म्हणतो, "पळ", आणि नडगीला कुणी विचारलेलंच नसतं. मग तिच्या आतल्या बाजूने ठणका लागतो आणि सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्याच पावलाला टाचेत कळ येते. गृहस्थ दोष बुटांना देतात आणि आणखी महाग बूट आणतात.

शेवटी गाठ पडते फिजिओथेरपिस्ट बाईंशी. दुखणं ओसरल्यावर त्या चार आठवडे फक्त चालायला लावतात: आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. बोलण्याच्या परीक्षेत गृहस्थ पहिल्या दिवसापासून उत्तीर्ण.

त्यानंतर दिवसाआड, आठवड्यातून तीनदा: पाच मिनिटं चालून अंग गरम करायचं, मग एक मिनिट हळू धावणं आणि दोन मिनिटं चालणं असं आठ वेळा, शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालणं. "मध्येच चालायचं? लोक काय म्हणतील?" बाई सांगतात, १९७२च्या ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले जेफ गॅलोवे हेच शिकवत आले. ऑलिम्पिकचं नाव निघताच कमीपणा संपतो.

दोन आठवडे हे निभावलं, तरच दोन मिनिटं धावणं आणि दोन मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत असेल तर एक पायरी खाली. हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की कळ येत असेल, तर धावणं बंद आणि डॉक्टर गाठायचा.

एका बाबतीत मात्र गृहस्थांचा हट्ट चालू द्यायचा नाही. धावताना छातीवर दाब आला, कळ जबड्यात किंवा डाव्या हातात गेली, घेरी आली, तर "ॲसिडिटी असेल" म्हणून कट्ट्यावर बसू देऊ नका; थेट हॉस्पिटलात न्या. रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कुणाला तरुणपणी हृदयविकार झाला असेल, तर धावायला लागण्याआधीच डॉक्टरांकडून तपासून घ्या. मॅरेथॉनचा फॉर्म पुढच्या वर्षीही निघतो.