नाव न घेता

आमच्या आजीने आयुष्यभर आजोबांचं नाव फक्त उखाण्यात घेतलं. एरवी कुणी पाहुणा दारात आला तर ती आतूनच सांगायची, "छत्रीवाले मागच्या पडवीत आहेत." ऊन असो, पाऊस असो, आजोबांच्या काखोटीला छत्री असायची, त्यामुळे सगळ्या आळीला कळायचं. मी टीव्ही मालिकांच्या कला विभागात प्रॉपर्टी सांभाळतो, आणि माझं पोट त्या छत्रीवर चालतं. नाव दिसू द्यायचं नाही आणि ओळख मात्र पटली पाहिजे, हेच आमचं काम.

कारण पैशाचं आहे. एका बिस्किटवाल्याने चॅनेलला पैसे मोजून जाहिरात दिलेली असते. त्याच चॅनेलच्या मालिकेत दुसऱ्याचं बिस्किट फुकटात मिरवलं तर तो पहिला गप्प बसेल का? म्हणून सेटवर वस्तू आली की आधी काळी टेप येते. फ्रिज, मिक्सर, मोटरसायकलची टाकी, सगळ्यांवर. अमेरिकेतले प्रॉपवाले या कलेला 'ग्रीकिंग' असं भारदस्त नाव देतात. आमच्याकडे नुसतं "टेप मार रे!" टेपचा घोळ असा की प्रेक्षक नेमका तिच्याकडेच बघतो. एका मालिकेत सासरे वारल्याचा प्रसंग चालू होता आणि मागे दंडाला काळी फीत बांधून फ्रिजही शोकसभेला आल्यासारखा उभा होता.

म्हणून जवळून दिसणाऱ्या वस्तू आम्ही स्वतःच बनवतो. त्यात सर्वांत अवघड काय असेल, तर बिस्किटाचा पुडा.

दिग्दर्शक म्हणाले, "गरीब घर आहे. आजोबा नातवासाठी पुडा घेऊन येतात. तो पुडा. कळलं ना कुठला?" न कळायला काय झालं! आमच्या हाताखालच्या पोराने तासाभरात डिझाइन आणलं. तोच रंग, तेच पट्टे, तसंच गुबगुबीत मूल आणि नावात एक अक्षर बदललेलं. पोरगं खुशीत होतं. आमच्या कलादिग्दर्शकांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. "बाळा, ही नक्कल झाली. नाव बदललं म्हणून चोरीचा माल आपला होत नाही."

त्यांचं खरंच होतं. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात वस्तूचा आकार, वेष्टन आणि रंगसंगती हीसुद्धा ओळखचिन्हं ठरू शकतात. दंतमंजनाच्या डब्यावरून दिल्ली उच्च न्यायालयात 2003 साली गाजलेलं भांडण तर रंगांचंच होतं. डब्याचा एक तृतीयांश भाग लाल, दोन तृतीयांश पांढरा. नाव वेगळं असूनही दुसऱ्या कंपनीला ती रंगसंगती वापरण्यास मनाई झाली.

मग आम्ही पुड्याची वाटणी करायला बसलो. यातलं कंपनीचं काय आणि सगळ्यांचं काय? रंग, पट्टे, मूल कंपनीचं. ते बाद. लांबट चौकोनी आकार कुठल्याही ग्लुकोज बिस्किटाचा. दोन्ही टोकांची दातेरी शिवण आणि पाठीवरून जाणारी उभी पट्टी पॅकिंगच्या मशीनची. गव्हाची लोंबी आणि दुधाचा थेंब कुणीही काढावा. आणि सर्वांत मोलाचा ऐवज सरकारचा: हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, घटकपदार्थांची बारीक अक्षरं, 'सर्व करांसहित' किंमत. प्रॉपर्टीवाले पुड्याच्या दर्शनी बाजूवर जीव ओततात आणि मागची बाजू कोरी सोडतात. नटाने पुडा हातात फिरवला की तिथेच बिंग फुटतं. कंटाळवाणा मजकूर असला की पुडा खरा वाटतो आणि तो छापल्याबद्दल कुणी नोटीस पाठवत नाही.

नावाचा शोध हा वेगळाच ताप. ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर बिस्किटं 30 क्रमांकाच्या वर्गात येतात. तिथे नुसतं स्पेलिंग तपासून भागत नाही. उच्चाराने जुळणारी नावंही शोधावी लागतात. आम्ही लाडाची, सणावाराची, सुनाबाळांची नावं टाकून पाहिली. बहुतेकांवर कुणीतरी आधीच हक्क सांगून बसलेलं. शेवटी एक मोकळं नाव सापडलं, ते इतकं बेचव की दिग्दर्शक म्हणाले, "आजोबा, पुडा धरताना अंगठा नावावर ठेवा."

पुडा तयार झाला. पहिल्याच शॉटला चकचकीत कागदावर दिवा परावर्तित झाला आणि पुड्याच्या जागी नुसतं पांढरं तेज दिसू लागलं. मॅट कागदावर पुन्हा छपाई केली. मग क्लोजअपला कॅमेरामन ओरडला, "अरे, बिस्किटावरच नाव आहे!" वेष्टन आमचं, पण आतला माल दुकानातला, आणि कंपनीने बिस्किटावर नाव उठवलेलं. टेप मारणार कुठे? बेकरीची कोरी बिस्किटं आणली, तर ती चहात बुडवली की भुगाच. अखेर बिस्किट पालथं धरायचं ठरलं.

आणि इथे आमच्या आजोबांनी, म्हणजे ते काम करणाऱ्या जुन्या रंगभूमीवरच्या नटाने, सगळ्यांना गप्प केलं. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं, मनातल्या मनात वेळ मोजला, उचललं, खाली दुसऱ्या हाताची ओंजळ धरली आणि मान पुढे काढून झेलायला गेले. अर्धं कपात पडलं. त्यांनी शांतपणे चमचा मागितला. सगळं युनिट हसलं. पुडा फ्रेमच्या बाहेर होता. कुठलं बिस्किट, हे कुणीही विचारलं नाही.

माणसांचं मात्र याहून नाजूक. जत्रेच्या भागात दिग्दर्शकांना ऑर्केस्ट्रात 'तो' हवा होता. सत्तरच्या दशकातला, चिडलेला, उंच. पण हल्ली नटही सावध झालेत. 2022 साली दिल्ली उच्च न्यायालयाने एका ज्येष्ठ नटाच्या नावाला, चेहऱ्याला, आवाजाला संरक्षण दिलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका नटाच्या बाबतीत त्याच्या तोंडी असलेला शब्दही त्यात आला. शब्द अस्सल मुंबईकर, 'झ'ने सुरू होणारा. तुम्ही-आम्ही खुशाल म्हणावा. त्याच्या नावाने त्यावर धंदा करू नये, एवढंच.

तेव्हा चेहरा, आवाज, संवाद, बिल्ला सगळं वगळलं. उरला तो काळ. बेलबॉटम, खांद्यापर्यंत पोचणारी कॉलर, कानाच्या पाळीशी आलेले कल्ले, कमरेवर एक हात. आमचा नट उंचीने बेताचा, म्हणून कॅमेरा गुडघ्याच्या पातळीवर ठेवला. तो एकदम ताडमाड झाला. मग त्याला उत्साह आला आणि त्याने खर्जात तोंड उघडलं. त्याला कायमचं मुकं ठेवण्याचा निर्णय तिथल्या तिथे झाला.

कितपत जमलंय हे बघण्याची आमची कसोटी म्हणजे सेटवरचा चहावाला पोरगा. मॉनिटरवर पाच सेकंद दाखवायचं आणि विचारायचं, "हा कोण रे?" त्याने फटकन नटाचं नाव घेतलं तर आपण फार जवळ गेलो, काहीतरी कमी करा. "बँडवाला" म्हणाला तर फार लांब गेलो. "जुन्या पिक्चरमधला हिरो असतो ना, तसला" असं म्हणाला की शॉट ओके.

तर मंडळी, या लेखात मी एकाही कंपनीचं किंवा नटाचं नाव लिहिलेलं नाही. संपादकांनी तपासून घ्यावं. तरीही तुम्हाला पुडा कुठला आणि नट कोण हे कळलं असेल, तर ती जबाबदारी सर्वस्वी तुमची.