डाग कुठला, दगड कुठला?

अप्पा कुणाकडे गेले की माणसांच्या आधी नळाची विचारपूस करतात. चहाचा कप हातात आला की कपाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवतात आणि यजमानीणबाईंकडे अशा नजरेनं बघतात, की चहात साखर राहिली की काय असं त्या माउलीला वाटावं. एका मुंजीत बटूच्या डोक्यावर अक्षता टाकताना त्यांचं सगळं लक्ष त्याच्या पंच्यावरच्या हळदीच्या डागावर होतं, असं काकू सांगतात. काकू म्हणजे अप्पांच्या सौभाग्यवती. अप्पांबद्दलच्या बहुतेक गोष्टी आम्हाला त्यांच्याकडूनच कळतात, त्याही अप्पांच्या देखत.

अप्पांची सगळी नोकरी एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. निवृत्तीनंतर प्रयोगशाळा सुटली. प्रयोग सुटले नाहीत. आता त्यांच्या घरात तीन बरण्या आहेत. खायचा सोडा स्वयंपाकघरात, व्हिनेगर मोरीच्या फळीवर आणि धुण्याचा सोडा गॅलरीत, सगळ्यात वरच्या खणात. त्यावर लाल शाईत लिहिलंय : ‘खाण्याचा नाही’. दोन्ही सोडे दिसायला पांढरेच. पण धुण्याचा सोडा चुकून ढोकळ्यात पडला तर तोंडापासून अन्ननलिकेपर्यंत भाजून काढतो. म्हणून दोन सोडे एका खोलीत नांदवायचे नाहीत, हा अप्पांचा नियम. नात्यानं मात्र ते सख्खे आहेत. एकदा दुकानात धुण्याचा सोडा मिळाला नाही, तेव्हा अप्पांनी खायचा सोडा स्टीलच्या कढईत घालून चांगला तापवला. त्यातून वाफ आणि वायू निघून गेला, वजन तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटलं आणि खाली उरला तो धुण्याचा सोडा. अप्पा कृतकृत्य झाले. काकूंनी ती कढई ओट्यावरून काढून गॅलरीत ठेवली, बरणीशेजारी.

अप्पांच्या मते जगात मळ मुख्यतः दोन जातींचा : तेलकट आणि दगडी. तेलकट मळाला अल्कली लागते, म्हणजे सोडा. दगडी मळाला आम्ल लागतं, म्हणजे व्हिनेगर. उलटसुलट केलं की मळ तिथंच राहतो आणि माणूस दमतो. हे ऐकायला सोपं आहे. पण आमच्या इमारतीत बोअरचं पाणी, मधूनमधून टँकर, जुने कडप्प्याचे ओटे आणि हौशी माणसं असल्यामुळे अप्पांना कामाची ददात कधी पडली नाही.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी मोबाईलवर एक युक्ती पाहिली. सोड्यावर व्हिनेगर ओतायचं, फस्सकन फेस येतो आणि घर लख्ख होतं. त्या वाटीत फेस काढत असताना अप्पा पेपर मागायला गेले.

“अप्पा, बघा ना, कसला मस्त फेस आलाय!”

“आला ना? म्हणजे दोघंही गेले.”

“कोण गेले?”

“सोडा आणि व्हिनेगर. आम्ल आणि अल्कली एकमेकांना खाऊन बसले. वर आलाय तो सोडावॉटरमधला वायू. खाली उरलंय ते किंचित खारट पाणी. त्यानं पुसलंस काय आणि नळाच्या पाण्यानं पुसलंस काय.”

सूनबाई हिरमुसल्या. अप्पांना त्यांची दया आली नाही, त्यांना हिशेब आठवला. पोहे खायच्या मोठ्या चमच्यानं एक चमचा सोडा घेतला, म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम, तर तो पुरता संपवायला साधारण 200 मिलिलिटर व्हिनेगर लागतं, बाटलीवर 5 टक्के लिहिलेलं. त्याहून कमी ओतलं तर थोडा सोडा शिल्लक राहतो आणि जे काही साफ होतं ते त्या उरलेल्या सोड्यानं. जास्त ओतलं तर उरलेल्या व्हिनेगरनं. “मग दुसरं ओतलंसच कशाला?” हा प्रश्न अप्पांनी शाळा तपासणाऱ्या साहेबाच्या आवाजात विचारला. हे मिश्रण बाटलीत भरून झाकण लावशील तर बाटली फुटेल, हेही जाता जाता सांगितलं. आणि मग पेपर विसरून त्यांनी बाह्या सरसावल्या.

आधी नळ. नळाच्या तोंडाशी पांढरी खडी जमली होती आणि पाण्याची धार तीन दिशांना उडत होती. ही खडी म्हणजे बोअरच्या पाण्यातला चुना. त्यावर सोडा कितीही घासला तरी काही होत नाही, कारण चुना आणि सोडा एकाच पक्षाचे. अप्पांनी जुनं फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून नळाला गुंडाळलं, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि अर्धा तास घड्याळ लावलं. फडक्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले. “हा बघ, हा खरा फेस! मळ विरघळतोय म्हणून आलेला. मघाचा नुसता तमाशा होता.” अर्ध्या तासानं जुन्या टूथब्रशनं खडी भुगा होऊन पडली. जाड थर असेल तर फडकं परत भिजवायचं. व्हिनेगर रात्रभर ठेवायचं नाही, नळाचा मुलामा खराब होतो.

मग चिमणीची जाळी. सूनबाईंनी तिच्यावर आदल्या दिवशी व्हिनेगर फवारून ठेवलं होतं. जाळी तशीच चिकट होती, फक्त आता तिला लोणच्याचा वास येत होता. तेलावर व्हिनेगरचं काही चालत नाही. तिथं धुण्याचा सोडा आणि गरम पाणी. सोड्यानं तेलाचा काही भाग चक्क साबण होतो आणि तो उरलेलं तेल सोडवून आणतो. अप्पा बादलीत पाच लिटर कढत पाणी आणि अर्धी वाटी सोडा घालणार, एवढ्यात थांबले. जाळी हातात घेऊन तोलली. ॲल्युमिनियम हलकं असतं, आणि धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला खातो, काळं पाडतो. त्यांनी सोड्याच्या गरम पाण्याचा एक थेंब जाळीच्या मागच्या कोपऱ्यावर टाकला आणि चष्मा वर करून पाहिलं. बुडबुडे नाहीत, काळपट ठिपका नाही. “स्टील आहे. टाक.” ॲल्युमिनियमची निघाली असती तर भांडी घासायचा साबण, गरम पाणी आणि चिकाटी, एवढंच. हातमोजे घालायला लावले, कारण हा सोडा हातावरचं तेलही तितक्याच तत्परतेनं काढतो. वीस मिनिटांत पाणी चहासारखं तपकिरी झालं. पण बर्नरजवळचा, वर्षभर भाजून लाखेसारखा कडक झालेला थर तसाच राहिला. अप्पा म्हणाले, “हे एका बुडीत जायचं नाही. परत भिजव, खरवड, नाहीतर त्याच्याशी जुळवून घे.”

खायच्या सोड्याच्या वाट्याला कप आले. ओलसर सोडा बोटावर घेऊन चोळला की चहाचे डाग जातात आणि कपाची झिलई शाबूत राहते, कारण त्याचे कण मऊ. हा सोडा सौम्य, हाच त्याचा गुण आणि हीच त्याची मर्यादा. जाळीवरच्या तेलापुढं तो हात टेकतो. वासाचंही त्याला निवडूनच जमतं. नासक्या दुधाचा आंबूस वास तो मारतो. बांगड्याचा मारत नाही, कारण माशाचा वास अल्कलीच्या जातीचा. तिथं लिंबू नाहीतर व्हिनेगर. हे सांगताना अप्पांनी आवाज खाली आणला. काकू मालवणच्या आहेत आणि बांगड्याला कुणी ‘वास’ म्हटलेलं त्यांना खपत नाही.

इतकं झाल्यावर अप्पांची नजर ओट्यावर गेली. नळाखाली, काळ्याभोर कडप्प्यावर, पुरीएवढा पांढुरका डाग.

“व्हिनेगर सांडलं होतं, अप्पा. पुसते पुसते म्हणून राहिलं. आता घासून घासून जात नाही.”

“जाणार कसा? हा डाग नाही, हा खड्डा आहे. कडप्पा म्हणजे चुनखडी. नळावरची खडी ज्यानं विरघळली, त्यानंच तुझा ओटा विरघळवला. व्हिनेगरला काय ठाऊक, कुठला चुना नकोसा आणि कुठला हप्त्यानं घेतलेला?”

शहाबादी फरशी, देव्हाऱ्याचा संगमरवर, सगळ्यांचं हेच. ग्रॅनाइट त्या मानानं टिकतं. कडप्प्यावरची चकाकी अशी गेली की ती फक्त पॉलिशवाला आणतो, दुसरं कुणी नाही. म्हणून अप्पांच्या प्रश्नाला दोन पाय आहेत : डाग कुठला आणि तो बसलाय त्याखालचा दगड कुठला. आम्ही सगळे पहिलाच विचारतो. लोकरी शाल आणि रेशमी साडी धुण्याच्या सोड्यात बुडवणाऱ्या बायका तर तोही विचारत नाहीत, असं ते म्हणाले. सूनबाईंनी लगबगीनं गॅलरीतली एक बादली आत ओढली.

अप्पांना हरवणारा डाग एकच : हळद. आमटीच्या डागावर सोडा टाकला की तो लालभडक होतो. हळदीला खार लागला की रंग कुंकवाकडे झुकतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. मग त्यावर व्हिनेगर टाकलं की परत पिवळा. अप्पा पंच्यावर हा खेळ बराच वेळ खेळत बसतात. रंग बदलतो, जात नाही. शेवटी काकू पंचा साबणानं धुतात आणि उन्हात टाकतात. ऊन हळदीचा रंग उडवतं. अप्पा त्याला ‘प्रकाशाची रासायनिक क्रिया’ म्हणतात. काकू ‘वाळत घालणं’ म्हणतात.

तिन्ही बरण्यांनी जंतू मरतात या समजुतीवर अप्पा विशेष चिडतात. आजाऱ्याच्या खोलीत किंवा संडासात त्यांचा भरवसा धरायचा नाही. त्यासाठी जंतुनाशक आणायचं, आणि ते ब्लीचिंगचं असेल तर त्याच्या आसपास व्हिनेगर फिरकू द्यायचं नाही. ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, जो छातीत जातो. हे एवढं वाक्य अप्पा विनोद न करता सांगतात.

अप्पा निघाले तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “अप्पा, फ्रिजवर लावायला एक कागद लिहून द्या ना.” अप्पांनी दोन दिवस घेतले. कागद आला तेव्हा प्रत्येक बरणीखाली ‘चालते’ची एक ओळ होती आणि ‘चालत नाही’च्या पाच.

“यात रोजची भांडी, ओटा, फरशी कशानं पुसायची ते कुठंय?” सूनबाईंनी विचारलं.

अप्पा गप्प झाले. काकूंनी त्यांच्या खिशातलं पेन काढलं आणि कागदाच्या तळाला मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘बाकी सगळं साबणानं.’