पहिल्या तीन सेकंदांत काका

आमचे काका एका सहकारी बँकेतून निवृत्त झाले. आता पहिल्या पगारावर असलेल्या पोरांना पैशाचं वळण लावायचं त्यांनी मनावर घेतलं आहे, तेही साठ सेकंदांच्या उभ्या व्हिडिओत. अशा व्हिडिओंच्या संहिता लिहून मी पोट भरतो, म्हणून हे काम घरचं आणि अर्थातच फुकट.

काकांची सुरुवात अशी : खाकरणं, मग ‘सुरू झालं का?’, मग ‘नमस्कार मित्रमैत्रिणींनो, आज आपण एका अत्यंत महत्त्वाच्या विषयावर...’ मराठी माणसाला दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांचा परिचय झाल्याशिवाय तोंड उघडताच येत नाही. पण इथे प्रेक्षकाचा अंगठा काचेवरच असतो. तो थांबणार की वर सरकणार, याचा फैसला दोन-तीन सेकंदांत होतो, आणि काकांचा विषय नवव्या सेकंदाला सुरू होत होता.

मी नमस्कार कापला. काका दुखावले. मग सूड म्हणून त्यांनी थेट धमकीच दिली : ‘क्रेडिट कार्ड तुम्हाला भिकेला लावेल!’ याला लोक थांबले, नाही असं नाही. पण कुठल्या सेकंदाला किती प्रेक्षक उरले याचा आलेख व्हिडिओच्या ॲपमध्येच दिसतो. त्यात सहाव्या सेकंदाला सरळ कडा. हा आलेख वाचता आला पाहिजे. पहिल्या तीन सेकंदांतच रेघ कोसळली तर सुरुवात भुसभुशीत. आधी टिकून मग कोसळली तर सुरुवातीला कबूल केलेलं पुढे दिलं नाही. काकांनी भिकेचं आमिष दाखवून पुढे व्याजाचा इतिहास लावला होता.

मग मी म्हटलं, ‘काका, उपदेश नको, हिशेब सांगा. कार्डाचं बिल २०,०००. पोरगं मिनिमम ड्यू भरतं. पुढे?’

काकांमधला बँकवाला जागा झाला. ‘मिनिमम साधारण पाच टक्के, म्हणजे १,०००. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धर. झाले ७००. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, १२६. म्हणजे तुझ्या हजारातले ८२६ असेच गेले. कर्ज उतरलं १७४.’

‘कट!’ मी ओरडलो. हीच सुरुवात!

पहिल्याच चौकटीत काकांचा चेहरा नाही, फक्त मोबाइल. पडद्यावर बिल आणि ‘मिनिमम ड्यू’वर टेकायला निघालेलं बोट. वर ठळक अक्षरं : ‘भरले १,०००. कर्ज उतरलं १७४.’ आणि त्याच वेळी काकांचा आवाज : ‘बाकीचे ८२६ कुठे गेले?’ चित्रात कृती, अक्षरांत आकडा, आवाजात प्रश्न. तिघांनी तेच वाक्य म्हणायचं नाही, नाहीतर ती प्रभातफेरी होते. लोकलमध्ये आवाज बंद करून बघणाऱ्यालाही नुसत्या अक्षरांवरून खटका बसला पाहिजे. १७४ ऐवजी ‘फारच कमी’ लिहिलं असतं तर कुणाचाही अंगठा अडला नसता.

‘तुम्हाला माहीत आहे का?’ असं विचारायचा काकांचा फार आग्रह होता. त्यावर ‘नाही’ म्हणून पुढे सरकायला काहीच खर्च येत नाही. ८२६ कुठे गेले हे मात्र कळल्याशिवाय सरकवत नाही. फक्त उत्तर लोंबकळत ठेवायचं नाही. चौथ्या सेकंदाला व्याज, सातव्याला जीएसटी, आणि मग नवा प्रश्न : उरलेल्या कर्जाचं काय? उत्तर असं, की थकबाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पुढच्या चहा-वडापाववरही पहिल्या दिवसापासून व्याज. तेव्हा कुठे सवय सांगायची : कार्डाला ऑटो-पे लावा, तेही पूर्ण रकमेचं. त्या पर्यायातही मिनिमम असतो, आणि नवखं बोट बरोबर तिथेच जातं.

काकांना पहिल्याच सेकंदाला ‘हा ढोबळ हिशेब आहे, दर कार्डागणिक बदलतात’ असं बजावायचं होतं. खरं आहे, म्हणून ते घेतलं, पण फोड दाखवताना. बिनसलं भलतंच. अक्षरं मी उजव्या कडेला नेली होती आणि तिथे ॲपची बटणं असतात. शेवटचा ४ बदामाखाली गेला आणि पोराचं कर्ज १७ रुपयांनी उतरलं. तळाशी नावाची आणि मजकुराची पट्टी असते, तिथेही काही लिहिता येत नाही. अक्षरं वरच्या अर्ध्यात, मधोमध.

काकूंनी तयार व्हिडिओ पाहिला. पहिल्या चौकटीवरच थांबवला, दोन बोटांनी मोठा केला. बिल काकांचंच होतं, बेरीज मी सोयीसाठी गोल केली होती, पण खालच्या बारीक ओळी तशाच राहिल्या होत्या : माइक, स्टँड, रिंग लाइट.

‘८२६चं मागाहून बघू,’ काकू म्हणाल्या. ‘आधी हे २०,००० कुठे गेले ते सांगा.’