‘नका’ला जागा ठेवा

इंग्रजी सेफ्टी व्हिडिओ मराठीत करायला घेतला की कारखान्यातून कोणी ना कोणी ऐकवतोच, ‘मराठी फार लांबते हो, वेळेत बसत नाही.’ हा आरोप खोटा आहे. लांबते ती परिपत्रकाची मराठी. फिटर फिटरशी बोलतो ती मराठी इंग्रजीपेक्षा कमी वेळात बोलून होते. पण ती वापरायची तर आधी चित्राला हात लावावा लागतो आणि तिथे सगळ्यांचे हात आखडतात.

मी बोलतोय दिघ्याबद्दल. नवी मुंबईचे हे उत्तर टोक, कळव्याला खेटलेले. ठाणे-बेलापूर रस्त्याने एमआयडीसीचा टीटीसी पट्टा इथूनच सुरू होतो. १२ जानेवारी २०२४ला दिघा गाव स्टेशनाचे उद्घाटन झाले, तेव्हापासून शिफ्टचे कामगार थेट दारात उतरतात. नवा माणूस रुजू झाला की त्याला कँटीनमध्ये किंवा गेटजवळच्या खोलीत टीव्हीसमोर बसवतात आणि मुख्यालयाकडून आलेला व्हिडिओ लावतात. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली त्याच तारखेला स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय इथून फार लांब नाही, बेलापूरला आहे. तो दिवस जवळ आला की ‘मराठी करून द्या, दोन दिवसांत’ असे फोन सुरू होतात.

अशाच एका कारखान्याच्या व्हिडिओतले एक दृश्य घेऊ. विषय ‘लॉकआउट-टॅगआउट’चा, म्हणजे मशीनमध्ये हात घालण्याआधी तिची ऊर्जा तोडायची, स्विचला आपले कुलूप आणि टॅग लावायचा आणि ती खरेच मेली आहे ना ते तपासायचे. दृश्य सहा सेकंदांचे. इंग्रजी वाक्याची सुरुवातच मनाईने होते: कधीही हात घालू नका. मग अटी येतात, ऊर्जा तोडल्याशिवाय, कुलूप लावल्याशिवाय, तपासल्याशिवाय. चित्रही त्याच क्रमाने कापलेले. आधी रोलरकडे जाणारा हात, त्यावर लाल फुली, मग स्विच, मग कुलूप, मग तपासणी. त्यानंतर पुढचे दृश्य सुरू होते आणि त्यात एक बोट हिरवे बटण दाबते.

एजन्सीने दिलेले मराठी असे: ‘यंत्राचा ऊर्जास्रोत विलग करून, कुलूपबंद करून व त्याची पडताळणी झाल्याशिवाय यंत्रामध्ये कधीही हात घालू नका.’ व्याकरणात खोट काढायला जागा नाही. अक्षरे मोजा, ४७ भरतात. कामगारांना समजेल अशा सावकाश निवेदनात सेकंदाला साधारण सहा अक्षरे जातात, असा माझा कामाचा अंदाज आहे. (‘हात’मधला ‘त’ पूर्ण अक्षराचा वेळ खात नाही, हे धरूनही ढोबळ हिशेबाला हा आकडा चालतो.) म्हणजे हे वाक्य जवळजवळ आठ सेकंदांचे झाले. सहा सेकंदांच्या दृश्याला दोन सेकंद जास्त.

आता हे दोन सेकंद कुठे गेले ते बघा. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही मागे. त्यामुळे दृश्याबाहेर सांडले ते नेमके ‘कधीही हात घालू नका’. आवाज हे सांगत होता आणि पडद्यावर बोट हिरवे बटण दाबत होते. लाल फुली आली तेव्हा आवाज ‘ऊर्जास्रोत’पाशी अडखळत होता. अर्धे लक्ष चहाकडे असलेल्या नव्या पोराने यातून काय घ्यायचे? फायलीत मात्र ‘प्रशिक्षण दिले’ अशी नोंद झाली आणि त्याची सहीही घेतली गेली.

यावर दोन पळवाटा ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे आवाज तीस टक्क्यांनी पळवायचा. तसे केले की वाक्य सहा सेकंदांत बसते, पण कोणाला काही समजत नाही. दुसरी म्हणजे संगीताच्या ठोक्यावर आवाज उतरवत नेऊन शेपूट कापायचे. सूचनेच्या वाक्याचे शेपूट कापले की ‘नका’ गेला. मग जे उरते ते सूचना न दिल्यापेक्षाही वाईट असते.

वाक्य दाबून हा प्रश्न सुटत नाही, क्रम उलटवला की सुटतो. ‘मेन स्विच बंद. कुलूप लावा. चालू होत नाही ना, बघा. मगच हात घाला.’ ही २७ अक्षरे. साडेचार सेकंद बोलण्याचे, तीन ठिकाणी श्वासाची जागा, तरी सहाच्या आत. हातातल्या कामाचा क्रमही हाच आहे. आता नकार शेवटी लोंबकळत नाही, ‘मगच’ या शब्दात तो बसला आहे. फक्त चित्रातला रोलरकडे जाणारा हात पहिल्या जागेवरून उचलून शेवटी न्यायचा आणि लाल फुली काढून टाकायची.

पण इथेच थांबलात तर फसाल. हे मराठी त्या कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरला वाचून दाखवा. तो विचारेल, मशीनवर हवेचा सिलिंडर आहे, त्याचे काय? वीज तोडली तरी नळीत दाब राहतो आणि तो दाब दांडा पुढे ढकलू शकतो. इंग्रजीतल्या ‘आयसोलेट’ या एका शब्दात वीज, हवा, तेलाचा दाब असे सगळे येते. आपल्या ‘मेन स्विच बंद’मध्ये फक्त वीज आली. म्हणून कुलपानंतर ‘हवा सोडा’ घालायलाच हवे. अक्षरे ३१ झाली, एक श्वास वाढला आणि गणित सहा सेकंदांच्या बाहेर गेले. याच्यापुढे भाषा कापायची नाही. कुलपाचे चित्र दोन सेकंद गोठवा, सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने ५० फ्रेम. सुरक्षेतली एक पायरी गाळण्यापेक्षा व्हिडिओ दोन सेकंदांनी वाढलेला परवडतो.

हे सगळे एडिटरच्या टेबलावर थोड्या वेळाचे काम आहे, पण मूळ प्रोजेक्ट हातात असेल तरच. बहुतेक वेळा येते ती एकच तयार एमपी४ फाइल. इंग्रजी अक्षरे चित्रात भाजलेली, संगीत आणि निवेदन एकाच पट्टीत कालवलेले. फ्रेम गोठवायला जावे तर संगीत तुटते, अक्षरे झाकायला जावे तर वर काळा पट्टा येतो. मग भाषांतरकाराला सांगतात, तूच काहीतरी कमी कर.

पडद्यावरच्या अक्षरांचे दुखणे वेगळे आहे. याच दृश्यात एक पाटी होती, `VERIFY ZERO ENERGY`. रिकाम्या जागा धरून १८ कॅरेक्टर. भाषांतराच्या तक्त्यात अट होती, मराठीही १८च्या आत हवे. मी सुचवले, ‘चालू होत नाही ना, बघा’. तक्ता लाल झाला, कारण एक्सेलचे `LEN` त्याला २१ मोजते. ते काना, वेलांटी, उकार आणि पाय मोडल्याची खूण वेगवेगळी धरते. ‘सुरक्षित’मध्ये डोळ्याला चार अक्षरे दिसतात, `LEN`ला आठ. पडद्यावर मात्र ही पाटी त्या इंग्रजी कॅपिटलांपेक्षा कमी रुंदीत मावली. ज्या अटीपायी चांगले मराठी नाकारले जाते, ती अट मराठी मोजतच नाही. रुंदी पिक्सेलमध्ये बघा, त्याच फॉन्टमध्ये टाइप करून.

खरी अडचण उंचीची आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. इंग्रजी कॅपिटलांना वर-खाली काही नसते, म्हणून पेटी अक्षरांना चिकटवून आखतात. देवनागरीला शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार लागतो. पेटी तीच ठेवली की वरचा अनुस्वार कापला जातो, ‘बंद’चे ‘बद’ होते. मग कोणीतरी फॉन्टच लहान करतो आणि कँटीनच्या मागच्या बाकावरून पाटी वाचता येत नाही. पेटी उंच करा. ओळींमधले अंतर इंग्रजीत १.२ पट असेल तर इथे १.४ ते १.५ पट धरा. अक्षरांत मुद्दाम अंतर सोडू नका, शिरोरेषा तुटते. एकेक अक्षर टाइप होत येण्याचे अॅनिमेशनही नको, त्यात आधी ‘क’ येतो आणि मग त्याची ‘कि’ होते. प्रीमियर प्रोमध्ये वेलांट्या भलत्या जागी उडाल्या दिसल्या, तर आधी टेक्स्ट इंजिन `South Asian and Middle Eastern` वर आहे का ते पाहा.

दिघ्यात सगळे कामगार मराठी नाहीत, हिंदी आवृत्तीही लागतेच. पण क्रियापद तिथेही शेवटीच येते. मराठीसाठी केलेली चित्राची फेरमांडणी हिंदीला जवळजवळ तशीच वापरता येते, हे खर्चाचे कारण पुढे करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. १९४८च्या कारखाना कायद्याच्या १०८व्या कलमाने सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायला सांगितल्या, त्या भिंतीवरच्या पाट्यांसाठी. भिंतीवरची पाटी माणूस हवा तितका वेळ वाचतो. व्हिडिओतली वेळ दुसरा कोणी ठरवतो, म्हणून ठरवणाऱ्याची जबाबदारी मोठी.

तेव्हा व्हिडिओ मागवणाऱ्या एचआर आणि सेफ्टीच्या मंडळींना माझे सरळ मागणे आहे. इंग्रजी पटकथा मंजूर करताना प्रत्येक सूचनेच्या दृश्यात पाचवा हिस्सा वेळ मोकळा ठेवायला सांगा. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: मूळ प्रोजेक्ट फाइल, अक्षरे नसलेली चित्रफीत आणि निवेदनाविना संगीत-आवाजाची वेगळी पट्टी. मराठी तयार झाले की ते वातानुकूलित खोलीत तपासू नका. कँटीनच्या टीव्हीवर लावा, मागच्या बाकावर बसा, आवाज बंद करून एकदा आणि डोळे मिटून एकदा. दोन्ही वेळा ‘आधी काय, मग काय’ कळले तरच पैसे चुकते करा.