निव्वळ वजनाचे अण्णा

नांदेडच्या जवळपास प्रत्येक अपार्टमेंटात एक अण्णा असतात. ते बहुधा बँकेतून निवृत्त झालेले असतात, त्यांचा एक मेहुणा लातूरच्या आडत बाजारात असतो आणि तुरीच्या डाळीचा विषय निघाला की त्यांना हाकेच्या अंतरावरचा नवा मोंढा दिसेनासा होतो. डाळ लातूरचीच. पुढं बोलायचं नाही.

नवी तूर बाजारात आली की आमचे अण्णा सोसायटीच्या ग्रुपवर संदेश टाकतात. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की' अशी त्याची सुरुवात असते. पहिल्याच परिच्छेदात कायदा येतो: 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर 5 टक्के जीएसटी लागतो, त्याहून मोठ्या पोत्यावर लागत नाही. सरकारनंच आपल्याला पोतं घ्यायला सांगितलंय, असा अण्णा त्याचा अर्थ काढतात.

मग मागणी. पाच-पाच किलोच्या पटीत, रविवारी रात्री आठपर्यंत, पैसे आधी. "नुसता अंगठा दाखवला म्हणजे डाळ मिळत नाही" हे वाक्य दरवर्षी असतं, कारण दरवर्षी कुणीतरी नुसता अंगठाच पाठवतं. यंदा मागणी आली 135 किलो. पोतं 50 किलोचं, म्हणजे दोन पोती भरून वर 35. अण्णांचा नियम असा: वरची मागणी अर्ध्या पोत्याहून जास्त असेल तर पोतं वाढवायचं, कमी असेल तर शेवटी आलेल्यांची नावं कापायची. तिसरं पोतं आलं आणि 15 किलो उरली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी दहा वाढवली. पाच अण्णांच्या घरी गेली. काकूंना ते डाळ शिजायला टाकताना कळलं.

तेलाच्या परिच्छेदात अण्णा खरे खुलतात. गेल्या वेळी एक तरुण सभासद म्हणाला, "अण्णा, माझ्या दुकानात पंधराचा डबा शंभर रुपयांनी स्वस्त आहे की." अण्णांनी चष्मा पुसला. "पंधरा काय? किलो का लिटर?"

इथं भलेभले फसतात. लिटरभर सोयाबीन तेल भरतं साधारण 910 ग्रॅम. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात तेल 13 किलो 650 ग्रॅम. 15 किलोच्या डब्यापेक्षा 1 किलो 350 ग्रॅम कमी. तेल किलोला शंभराच्या वर असताना शंभर रुपये वाचवून तो तरुण तोट्यातच होता. डबे दिसायला सारखेच, आकडे बारीक अक्षरात. तेव्हापासून संदेशात 'निव्वळ 15 किलो' हे शब्द ठळक असतात आणि पाच लिटर मागणाऱ्याला अण्णा काट्यावर 4 किलो 550 ग्रॅम मोजून देतात. त्यानं तोंड वाकडं केलं तर लिटरचं माप मागवून त्याच्यासमोर भरून दाखवतात. एक डबा जास्तीत जास्त दोन घरांत, भांडं स्वतःचं आणि कोरडं. ओल्या बरणीतलं तेल खवट झालं की शिव्या लातूरला बसतात, हे त्यांना सहन होत नाही.

वाटप पार्किंगमध्ये. ज्वारीचं पोतं उघडलं की अण्णा आधी कोपरापर्यंत हात घालतात. आत गारवा लागला तर माल ओलसर. मग एक दाणा दाताखाली. कट आवाज आला नाही तर पोतं परत. पसंत पडलेली सगळी पोती ताडपत्रीवर ओतून एकत्र कालवायची, मगच मोजायची. "त्यांच्याकडं टपोरी गेली, आमच्याकडं बारीक" हे भांडण यानं कायमचं मिटलं. बारदानाचं वजन वजा. सांडलवंड, चाळलेला कचरा, हमाली, टेम्पोभाडं हे सगळं किलोमागं वाटायचं, घरामागं नाही. पाच किलोवाल्या आजींनी पन्नास किलोवाल्याचं भाडं का भरावं?

एवढे नियम असूनही एक गोष्ट अण्णांच्या हातात नाही: माणसाचा लोभ. स्वस्त मिळतंय म्हणून वर्षभराची डाळ घेणारे, ती ऊन न दाखवता माळ्यावर टाकणारे आणि श्रावणात किडे निघाले की ग्रुपवर फोटो टाकणारे दरवर्षी निघतातच. त्यामुळं यंदा शेवटची ओळ नवी आहे: माणशी चार महिन्यांचीच मागणी घेतली जाईल, पावसाळ्यात खरेदी बंद.

बाकी हिशेब दोन रुपयांपर्यंत जुळतो. फक्त रिकाम्या डब्यांचा नियम अजून ठरलेला नाही. तुळशीसाठी सगळ्यांनाच हवेत. ज्यांना सुचेल त्यांनी अण्णांना कळवावं. फोन दुपारी दोन ते चार करू नये.