'करून घ्या' म्हणजे कोणी करायचं?

सकाळी उठल्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंत माझ्या कानांवर 'घे' आणि 'घ्या' पडत असतं, आणि त्यातलं निम्मं मला खटकतं. अंघोळ करून घे. चार घास खाऊन घे. दुपारी जरा पडून घे. घराबाहेर पडलं की हेच अनेकवचनात सुरू होतं. झेरॉक्स काढून घ्या, फॉर्म भरून घ्या, आधार लिंक करून घ्या. आणि काहीच होणार नसेल तेव्हा, ताई, जरा समजून घ्या.

माझी तक्रार या क्रियापदाबद्दल नाही. मराठीतलं इतकं कामाचं सहायक क्रियापद दुसरं सापडायचं नाही. तक्रार ते बेफिकीरपणे वापरणाऱ्यांबद्दल आहे. एका 'घे'मधून काम कोणी करायचं, फायदा कोणाचा आणि दोष कोणाचा या तिन्ही गोष्टी ठरतात, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो.

'दार लाव' आणि 'दार लावून घे' यांतला फरक घराघरांत रोज ऐकू येतो. 'दार लाव' कोणीही कोणालाही म्हणतो. 'मी निघते, दार लावून घे' हे मात्र बाहेर पडणारं माणूस आत राहणाऱ्यालाच म्हणतं. दार तेच, कडीही तीच. पण दार लावल्याचा उपयोग आत राहणाऱ्याला आहे, म्हणून तिथे 'घे' येतं. बाहेर उभं राहून कोणी 'दार लावून घेते' म्हणत नाही. 'घेणे' जोडलं की क्रियेचं फळ करणाऱ्याच्या पदरात पडतं, हा यातला मूळ नियम. 'देणे' जोडलं की ते दुसऱ्याकडे जातं. आई बाळाला भात कालवून देते आणि मग स्वतः जेवून घेते.

शाळेत आठवीला संस्कृत घेतलं त्यांना हा नियम दुसऱ्या नावाने शिकवलेला असतो, पण बहुतेक वेळा तो रूपांच्या पाठांतरात हरवतो. परस्मैपद म्हणजे दुसऱ्यासाठीचं पद आणि आत्मनेपद म्हणजे स्वतःसाठीचं. काही धातू दोन्ही प्रकारे चालतात, आणि क्रियेचं फळ कर्त्यालाच मिळायचं असेल तर आत्मनेपद वापरावं असं पाणिनी सांगतो. यज्ञात आहुती टाकतो ऋत्विज, म्हणून त्याच्यासाठी 'यजति'. यज्ञाचं पुण्य ज्याला मिळायचं तो खर्च करून बसलेला असतो, त्याच्यासाठी 'यजते'. या आत्मनेपदी रूपावरूनच 'यजमान' हा शब्द झाला. हात ऋत्विजाचा आणि फळ यजमानाचं, ही वाटणी त्या काळी क्रियापदाच्या प्रत्ययावरून कळत होती.

काही धातूंचा तर पद बदललं की अर्थच पालटतो. 'भुज्' धातू परस्मैपदात चालवला तर 'भुनक्ति', म्हणजे रक्षण करतो. राजा पृथ्वीचं पालन करतो, तेव्हा हे रूप. आत्मनेपदात तोच धातू 'भुङ्क्ते' होतो, म्हणजे खातो, उपभोगतो. पाणिनीने यासाठी वेगळा नियमच केला आहे. सांभाळलेलं धान्य दुसऱ्यासाठी असेल तर ते रक्षण झालं आणि स्वतःसाठी असेल तर जेवण झालं. फळाची दिशा बदलली आणि त्याबरोबर क्रियाही वेगळी ठरली. मराठीत आत्मनेपदाचे प्रत्यय उरले नाहीत, पण ते काम पुष्कळसं 'घेणे' करतं, आणि अर्थ पालटायची खोडही त्याने ठेवली आहे.

'पडणे' घ्या. 'मी पडले' म्हटलं की ऐकणारा विचारतो, लागलं का? 'मी जरा पडून घेतलं' म्हटलं की कोणी काही विचारत नाही, कारण मी विश्रांती घेतलेली असते. पडणं आपल्या हातात नसतं, पडून घेणं असतं. फळ घ्यायचं तर घेणाऱ्याला इच्छा लागते, म्हणून 'घेणे' जोडताच अपघात जातो आणि हेतू येतो. भिंत पडते, पण भिंत पडून घेत नाही. वाक्याची ठेवणही त्याबरोबर बदलते. 'तो झोपला' इथे कर्ता साधा आहे. 'त्याने झोपून घेतलं' इथे कर्त्याला 'ने' लागला, झोपेची क्रिया त्याच्या नावावर लागली.

'ऐकणे'चंही तसंच आहे. 'मी त्यांचं ऐकलं' म्हणजे कानांवर आलं, किंवा म्हणणं मान्य केलं. 'मी त्यांचं ऐकून घेतलं' म्हणजे उलट उत्तर न देता ते बोल स्वतःवर पडू दिले. घराघरांतल्या सुनांना हा फरक व्याकरण न शिकता कळतो.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येते. गेल्या पावसाळ्यात गावाबाहेरच्या रस्त्यावर माझी स्कूटर खड्ड्यात गेली. खड्डा पाण्याने भरलेला होता, त्याची खोली दिसायची सोय नव्हती. पाय मुरगळला. संध्याकाळपर्यंत भेटायला आलेलं प्रत्येक जण म्हणालं, "पाय मुरगळून घेतलास ना?" कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. पण वाक्याने निकाल देऊन टाकला होता. 'पाय मुरगळला' म्हणजे घटना घडली. 'पाय मुरगळून घेतला' म्हणजे मी तो मुरगळला, आणि जे झालं ते माझ्या कर्तृत्वाचं फळ. इच्छा अर्थातच नव्हती, पण जिथे इच्छा बसत नाही तिथे 'घेणे' हयगय बसवतं. हात भाजलेल्या पोराला आधी 'हात भाजून घेतलास ना' असं ऐकावं लागतं आणि मग मलम मिळतं. या सगळ्यात खड्डा वाक्यातून नाहीसा होतो. तो कोणी बुजवायचा होता, हा प्रश्न विचारायला कर्त्याची जागाच उरत नाही, कारण ती मला देऊन झालेली असते.

सगळ्या भाषा असं करत नाहीत. स्पॅनिशमध्ये क्रियापदाला 'से' जोडून ते स्वतःकडे वळवतात, आणि तिथेही अर्थ बदलतो. 'दोर्मीर' म्हणजे झोपणे, 'दोर्मीर्से' म्हणजे झोप लागणे. म्हणजे आपल्या 'झोपून घेण्या'च्या बरोबर उलट, कारण 'से' लागल्यावर हेतू कमी झाला. हातून पेला पडला तर स्पॅनिश माणूस 'से मे कायो' म्हणतो. पेला पडला आणि मी त्यात सापडलो, इतकंच. दोष पेल्याकडेही नाही आणि माणसाकडेही नाही. तिथलं 'से' माणसाला मोकळं करतं, आपलं 'घेणे' त्याला अडकवतं. मोकळं करणारी रचना मराठीतही आहे. 'माझ्या हातून पेला फुटला' हे तेच आहे. पण ती आपण स्वतःसाठी राखून ठेवतो, आणि दुसऱ्याच्या वाट्याला 'फोडून घेतलास' येतं.

दुसरी तक्रार 'करून घ्या'ची. त्यात फळ कोणाचं हे कळतं, पण हात कोणाचा हे कळत नाही. याचा सगळ्यांत चांगला दाखला मी राहते त्या सुदुंबऱ्यातच आहे. मावळातल्या या गावात संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. चाकणचे संताजी तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून घेतले असं आम्ही सगळे म्हणतो. इथे लिहिणारा हात संताजींचाच होता. तुकोबा बोलले आणि संताजींनी स्वतः लिहून ते शब्द जपले.

आता याच परिसरातलं कोणतंही खरेदीखत उघडा. तळेगाव आणि चाकणच्या कारखान्यांमुळे इकडे जमिनींचे व्यवहार सतत चालू असतात, तेव्हा ते सापडायला अडचण पडणार नाही. पहिल्याच पानावर विकत घेणाऱ्याच्या नावापुढे 'लिहून घेणार' आणि विकणाऱ्याच्या नावापुढे 'लिहून देणार' असतं. लिहून घेणाऱ्याने त्यात एक ओळही लिहिलेली नसते. लिहून देणाऱ्यानेही बहुधा लिहिलेली नसते. मजकूर वकिलाने किंवा दस्त करणाऱ्याने तयार केलेला असतो, आणि दोघे खाली सही करतात. 'लिहून घेणार' याचा अर्थ एवढाच, की या लिखाणाचं फळ, म्हणजे जमीन, त्याच्याकडे येणार. हा आपल्या कागदपत्रांतला यजमान. 'लिहून घेतले' हे रूप एकच, पण संताजींच्या बाबतीत हात त्यांचा आणि खरेदीखतात हात तिसऱ्याचाच.

मराठीकडे हा घोळ सोडवायची सोय आहे. 'करून'ऐवजी 'करवून' म्हटलं की मधल्या 'व'वरून दुसऱ्याचा हात दिसतो. त्याने घर रंगवलं की रंगवून घेतलं असा प्रश्न पडला, तर 'पेंटरकडून' हा एक शब्द जोडला तरी भागतं. पण बोलताना 'करवून'मधला 'व' गळतो, 'कडून' गळतं, आणि उरतं नुसतं 'करून घ्या'. मग खिडकीपलीकडचा माणूस 'दुरुस्ती करून घ्या' म्हणतो, आणि दुरुस्ती मी करायची, तो करणार की तिसऱ्याच कार्यालयातून होणार हे समजायला पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. त्याच्या वाक्यात व्याकरणाची चूक नसते. काम कोणी करायचं एवढंच त्यातून गाळलेलं असतं, आणि माणसाला दिवसभर हेलपाटे घालायला एवढं पुरतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. खिडकीवरच्या माणसाने 'करून आणा' म्हणावं किंवा 'आम्ही करून देतो' म्हणावं. दोन्हींत हात दिसतो. तो नुसतं 'करून घ्या' म्हणाला, तर आपण तिथेच 'कोणाकडून?' असं विचारावं आणि उत्तर मिळेपर्यंत खिडकी सोडू नये. आणि कोणी पडलं, भाजलं, मुरगळलं, तर आधी नुसतं 'पडली', 'भाजला', 'मुरगळला' म्हणावं. 'घेतला' जोडायचा असेल तर त्याआधी रस्ता पाहून यावा.